मालकांना दुकान हवंय म्हणे

पुणे

प्रिय पक्या,

समन्स आणि दाव्याची प्रत मिळाली. तुझं घड्याळांचं दुकान रिकामं करून मालकांना तिथे पोराचं औषधाचं दुकान काढायचंय. फोनवर तू मालकांच्या पोराला घातलेल्या शिव्याही मनापासून ऐकल्या, पण कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या तुझ्या लेखी उत्तरात, त्यांना जागा नाही. ‘त्याला औषधाच्या धंद्यातलं काय कळतंय?’ हा मुद्दाही सोडून दे. स्वतःच्या जागेत कुठला धंदा काढायचा हे मालकानं ठरवायचं, त्याला शहाणपण शिकवायचं काम भाडेकरूचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं अनेकदा सांगितलंय. पोराकडे डिप्लोमा नसला तरी तो पगारी फार्मासिस्ट ठेवू शकतो.

दावा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६(१)(जी) खाली आहे. त्यात गरज वाजवी हवी आणि प्रामाणिकही हवी, आणि ती शाबित करायचं ओझं मालकांवर आहे. तुझ्या बोलण्यातली एकच गोष्ट मला सोन्यासारखी वाटली. मागच्या दिवाळीत त्याच इमारतीतला कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला, तो त्यांनी मोबाईलवाल्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिला, आणि दाव्यात त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही.

हे तोंडी सांगून भागणार नाही. दुय्यम निबंधकाकडून त्या कराराची नक्कल काढ, नगरपालिकेतून दोन्ही गाळ्यांचा कर आकारणीचा उतारा घे. मग उलटतपासात तारखांवर बोट ठेवता येईल: मुलानं दुकान काढायचं कधी ठरवलं? दिवाळीच्या आधी ठरवलं असेल, तर हातात आलेला गाळा दुसऱ्याला का दिला? नंतर ठरवलं म्हणाले, तर नंतर असं काय घडलं? अर्थात त्यांच्याकडे पटण्याजोगं उत्तर असू शकतं. तो गाळा फार लहान आहे, किंवा तेव्हा पोरगा शिकत होता. तसं निघालं तर या मुद्द्याची धार जाईल. पण माहिती दडवली हे एकदा न्यायाधीशांच्या मनात बसलं की पुढच्या प्रत्येक वाक्याकडे ते संशयानं बघतात.

समजा, गरज खरी ठरली. तरी लगेच ताबा जात नाही. कलम १६(२) प्रमाणे कोर्टाला विचारावं लागतं की जागा सोडायचा हुकूमनामा दिला तर तुझे हाल जास्त, की नाकारला तर त्यांचे. इथे भाडेकरू हमखास झोपतात. ‘तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे, जागा गेली तर रस्त्यावर येईन’ एवढं बोलून साक्ष संपवतात. समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो, ‘दुसरी जागा शोधलीत का?’ उत्तर ‘नाही’ आलं की तेच निकालपत्रात येतं. म्हणून आजपासून खरोखर शोध. कुठल्या दलालाकडे गेलास, कुठल्या पेठेत किती भाडं आणि किती डिपॉझिट सांगितलं, ते तारखेनिशी वहीत लिही. जमलं तर त्या दलालाला साक्षीला आण.

आणि वहिनींच्या नावावर स्टँडमागे घेतलेला गाळा? तो लपवायचा विचारही करू नकोस. खरेदीची नोंद दाखवणारा इंडेक्स टू मालकांनाही काढता येतो. तिथे घड्याळं का विकली जाणार नाहीत, रस्ता आतला आहे का, शटर बंद का असतं, हे आपणच आधी सांगू. त्यांनी उघडं पाडलं तर तुझ्या वहीवर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

आता तुला न सुचलेली गोष्ट. तुझं दुकान बारा बाय बावीस, म्हणजे २६४ चौरस फूट, आणि शटर दोन. किरकोळ औषध दुकानाच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. काही भागाचा ताबा देऊन मालकांचं काम भागत असेल, आणि त्यानं कुणाचे हाल होत नसतील, तर कोर्टानं तेवढ्याच भागाचा हुकूमनामा द्यायचा असतो. मधली भिंत उभी राहते का, याचा नकाशा एखाद्या अभियंत्याकडून करून घे. कैफियतीत मात्र हे ‘गरज मान्य नाही, तरी ती मान्य झालीच तर’ अशा पर्यायी शब्दांतच जाईल, नाहीतर गरज तूच कबूल केलीस असं होईल.

कैफियतीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवस आहेत. भाडं एकही महिना चुकवू नकोस. ते घेत नसतील तर मनीऑर्डर कर आणि परत आलेली पावती जपून ठेव, नाहीतर थकबाकीचा दुसरा दावा आपणच हातात देऊ. आणि उद्या हरलास, अपिलातही हरलास, तरी त्या शटरवर नजर ठेव. ताबा घेतल्यापासून महिन्याभरात मालकांनी जागा वापरली नाही, किंवा वर्षाच्या आत तिसऱ्यालाच भाड्यानं दिली, तर तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून तुला ती परत मागता येते.

रविवारी येतोस ना? येताना जुन्या भाडेपावत्या आण, अगदी आबांच्या नावाच्यासुद्धा.

तुझा,
सुध्या