अमळनेरच्या त्या अनोळखी ताईंचे आभार

दहावीची परीक्षा संपल्यापासून आजी रोज दिवेलागणीला भिंतीवरच्या कॅलेंडरमधील एकेक चौकोन, दुधाचा हिशेब सांभाळून, पेन्सिलीने खोडत असे आणि मी दिवस मोजत असे. निकालाच्या दुपारी अमळनेरच्या नेट कॅफेत बैठक क्रमांक व आईचे नाव भरूनही निकाल दिसेना, तेव्हा आजीचा चेहरा पार उतरला. शेजारी बसलेल्या एका ताईंनी स्वतःचे काम थांबवून माझे प्रवेशपत्र पाहिले, आईच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये छापलेले जादा अक्षर नेमके हेरले आणि नाव तसेच भरताच निकाल उघडला. आजीला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी एकेका विषयाचे गुण तिला सावकाश वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "माय, पोर पास व्हयनी!" ताई, आपले नाव आम्हांला ठाऊक नाही, आम्हा दोघींकडून आपले मनःपूर्वक आभार.