खुले पत्र : आरोग्य विम्यातली खोलीभाड्याची अट दीड मिनिटात सांगता येते, मग आम्हाला का सांगत नाही?

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार,

मी सांगलीच्या विश्रामबागेत राहतो. लग्नाचे आणि दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ करतो. गेल्या महिन्यात वडील मोरीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, पाच दिवस राहिलो. विमा होता, 3 लाखांचा. पॉलिसी देताना एजंट आमच्याच सोप्यावर बसून म्हणाला होता, "कॅशलेस आहे, खिशातून रुपया जाणार नाही." घरी सोडायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, 60,000 भरा. आईच्या पाटल्या तारण ठेवून ते पैसे भरले.

कंपनीला फोन केला. कपात का केली ते सोप्या मराठीत कळवा म्हटलं. "कळवतो" म्हणाले. नऊ दिवसांनी आली ती तीच इंग्रजी पॉलिसी, 46 पानांची. हे पत्र त्या दिवशी लिहायला घेतलं.

कपात नियमाप्रमाणेच होती, हे मला नंतर कळलं. म्हणून तर जास्त लागलं. 19 व्या पानावर दोन ओळी आहेत. खोलीभाडं रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3,000 पर्यंत. त्याहून महाग खोली घेतली तर 'संलग्न वैद्यकीय खर्च' त्याच प्रमाणात कापले जातील. याला ते प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. आम्ही 6,000 ची खोली घेतली, कारण आईलाही रात्री तिथं झोपायचं होतं. मी मनात हिशोब केला, वरचे 3,000 गुणिले पाच दिवस, 15,000 आपले जातील. जाऊ देत.

बिल 1,80,000 झालं. त्यात खोलीचे 30,000, मिळाले 15,000. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग, म्हणजेच ते 'संलग्न' खर्च, मिळून 90,000. मर्यादा खोलीच्या निम्मी, म्हणून इथेही निम्मेच, 45,000. औषधं, मांडीत बसवलेलं इम्प्लांट आणि तपासण्या 60,000, ते पूर्ण मिळाले. एकूण 1,20,000. मी धरलेल्या 15,000 च्या जागी 60,000 गेले. मधले 45,000 हे त्या दोन ओळी न कळण्याची किंमत आहे.

आपल्याकडून उत्तर येईल की ग्राहकाला माहितीपत्रक मिळतं. होय, 1 जानेवारी 2024 पासून विमा नियामकाने ठरवून दिलेल्या नमुन्यात ते मिळतं, मागितलं तर स्थानिक भाषेतही. नियम चांगला आहे. पण त्या पत्रकात खोलीची मर्यादा एका चौकटीत येते आणि प्रश्न पडतो दवाखान्याच्या काउंटरवर, रात्री अकराला, बाप स्ट्रेचरवर कण्हत असताना. त्या वेळी चौकट कुणाला आठवते?

म्हणून मी त्या दोन ओळींचा व्हिडिओ लिहिला. कसा लिहिला ते सांगतो, कारण कंपन्या म्हणतील की कायद्याची भाषा सोपी केली की चुकते.

आधी मी कलमांच्या क्रमानेच लिहिलं होतं : व्याख्या, मर्यादा, अपवाद. तीन मिनिटं झाली. ते फाडलं. ग्राहकाला नेमका निर्णय कधी घ्यायचा असतो, तिथून सुरुवात करायची, असं ठरवलं. या अटीत तो क्षण एकच, खोली निवडण्याचा. काही आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी आणि ज्यांचे पैसे विम्यातून मिळत नाहीत त्या वस्तू याच व्हिडिओत कोंबायच्या नाहीत, त्यांचे वेगळे करायचे. दीड मिनिटात सावकाश बोलून साधारण 180 शब्द बसतात. अडाण्यालाही कळायला हवं, तर भरभर बोलण्यात काही अर्थ नाही.

दुसरा खर्डा आत्याला दाखवला. एकदाच, न थांबवता. तिला "कळलं का?" असं विचारलं नाही, कारण त्यावर आपल्याकडे प्रत्येकजण होच म्हणतो. विचारलं, "आत्या, सहा हजाराची खोली घेतली तर घरातून किती जातील?" म्हणाली, "वरचे तीन हजार रोजचे." म्हणजे माझीच चूक तिनेही केली. माझं वाक्य होतं, 'खोलीला तीन हजारांपर्यंत मिळतील.' वाक्य खरं होतं, पण ऐकणारा तिथेच थांबतो. मग मी लिहिलं, 'महाग खोली घेतली तर सगळं बिल कापलं जाईल.' हे तिला बरोबर कळलं, पण ते खोटं होतं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या या प्रमाणात कापता येत नाहीत, आयसीयूचा खर्चही नाही. सोपं करताना लोक घसरतात ते इथेच, भीती घालणारं वाक्य पटकन सुचतं.

शेवटचा असा झाला.

दृश्य 1. दवाखान्याचा काउंटर, दोन चाव्या, एकीवर 3,000, दुसरीवर 6,000. आवाज : "तुमचा विमा 3 लाखांचा. खोलीला रोज 3,000 पर्यंतच मिळतात. 6,000 ची खोली घेतली, तर नुसते वरचे 3,000 भरून सुटका होत नाही."

दृश्य 2. बिलाचे तीन कागद. पहिले दोन मधोमध दुमडतात. आवाज : "खोलीचे निम्मे मिळाले, की डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचेही निम्मेच मिळतात." तिसरा तसाच राहतो. "औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही. आयसीयूलाही नाही."

दृश्य 3. मुलगा काउंटरवर. आवाज : "चावी घेण्याआधी विचारा, 'माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती?'" पडद्यावर : पान 19, खोलीभाडे.

आत्याने यावर बोटांवर मोजून सांगितलं, "डॉक्टरचेपण निम्मे जातील की रे." एक अपवाद आवाजात बसला नाही : ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करता येत नाही. तो शेवटच्या पाटीवर लिहिला. पान क्रमांक ठेवला, कारण वाद झाला तर पॉलिसीतलेच शब्द चालतील, माझे नाहीत.

एवढं काम मी एकट्याने दोन संध्याकाळींत केलं. कंपन्या क्रिकेटच्या मॅचमध्ये दर षटकाला जाहिरात दाखवतात. त्यांना हे जमत नाही यावर मी विश्वास ठेवणार नाही. हे नुसतं विम्याचं नाही. कर्जाचा फॉर्म, सिमकार्ड, पीकविमा, सगळीकडे 'वाचले व समजले' याखाली सही घेतात आणि वाचायला वेळ देत नाहीत. आमच्या गल्लीत अकरा घरी विचारलं, एकानेही पॉलिसी वाचलेली नाही. त्यात दोन शिक्षक आहेत. अख्ख्या व्यवस्थेला आमची सही हवी आहे, आमची समज नको आहे.

माझं मागणं असं आहे. पॉलिसीसोबत खोलीभाड्याचा व्हिडिओ ग्राहकाच्या भाषेत, ग्राहकाच्याच विमा रकमेचे आकडे घालून पाठवणं सक्तीचं करा. तो पॉलिसी मिळताच यावा, कारण न पटल्यास ती परत करायला 30 दिवस असतात. आणि मंजुरीआधी तो दहा सामान्य माणसांना एकदाच दाखवून हाच प्रश्न विचारला जावा : घरातून किती जातील?

माझा मसुदा सोबत जोडला आहे, कुणीही वापरावा. उत्तर कृपया मराठीत पाठवा, आईला वाचायचं आहे.

आपला,
एक विमाधारक
विश्रामबाग, सांगली