ओळ बसत का नाही: एक लांबलचक पत्र

प्रिय मन्या,

तुझी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली, एक ज्यात चालवाल्याने नुसतं ला ला केलंय ते आणि दुसरं ज्यात गायिकेने तुझे शब्द टाकलेत ते. तू लिहिलंयस की अक्षरं मोजून लिहिली, ९ सूर आहेत ९ अक्षरं आहेत, तरी ती म्हणते तोंडात अडकतंय, आणि तुला कळत नाहीये की चूक चालीत आहे की तिच्यात. दोन्हीत नाहीये रे. आणि शब्दही वाईट नाहीत, मला ती ओळ खरंच आवडली, म्हणूनच एवढं बसून लिहितोय. गडबड मोजण्यात आहे.

आधी चाल बघू. केरवा ताल आहे, ८ मात्रांचं आवर्तन, पहिल्या मात्रेवर सम म्हणजे मुख्य ठोका, पाचवीवर काल म्हणजे रिकामा ठोका. तुझी एक ओळ दोन आवर्तनांत बसते. त्याने जे ला ला म्हटलंय ते मी लांब आणि आखूड असं वेगळं करून लिहितो, ला म्हणजे दोन मात्रा आणि ल म्हणजे एक:

ला ल ल ला ला । ला ल ल लाऽऽऽ

पहिल्यात २+१+१+२+२, झाले ८. दुसऱ्यात २+१+१ आणि शेवटचा सूर ४ मात्रा धरून ठेवलाय, तेही ८. मोजले तर ५ आणि ४, एकूण ९ सूर, बरोबर. आता तुझी ओळ, "वाट बघत राहिलो मी". वा ट ब घ त पाच, रा हि लो मी चार. कागदावर एकदम फिट्ट. पण आता एकेक अक्षर एकेका सुरावर ठेव आणि हळू म्हणून बघ:

वाऽ ट ब घऽ तऽ । राऽ हि लो मीऽऽऽ

कुठे खटकलं? मला तीन ठिकाणी खटकलं. "बघत" मधला त आपण बोलताना पूर्ण उच्चारतच नाही, तो "बघत्" असा पाय मोडून येतो, आणि इथे त्यालाच दोन मात्रा मिळाल्यात, म्हणून ती "तऽऽ" असं ओढते आणि शब्द विचित्र वाटतो. त्याच्या आधी घ नेमका कालेच्या ठोक्यावर पडून लांबलाय, म्हणजे "बघत" असा एकसंध शब्द न राहता ब, घऽ, तऽ असे तुकडे ऐकू येतात. मग "राहिलो" मधला लो, जो बोलताना चांगला लांब असतो, तो बिचारा एका मात्रेत कोंबलाय. आणि सगळ्यात लांब सूर, ज्याच्यावर ऐकणाऱ्याचा कान थांबतो, तो मिळालाय "मी" ला. ओळ वाट बघण्याबद्दल आहे आणि गाण्यात ठसतंय ते मीऽऽऽ. हा नुसता उच्चाराचा प्रश्न नाही, अर्थच सरकलाय.

तर मूळ मुद्दा हा की लिहिलेलं अक्षर आणि तोंडातून निघणारा तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, घर म्हणजे घर्, वाट म्हणजे वाट्, आणि मधलाही बऱ्याचदा गिळतो, "करतो" आपण "कर्तो" म्हणतो. लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोन तुकडे. तू मोजलीस ती कागदावरची अक्षरं. ही सवय आपल्याला ओवी-अभंगातून आलेली असते बघ, तिथे अक्षरसंख्येवरच चालतं, मोठ्या अभंगात ६, ६, ६ आणि ४ अक्षरं, लघु-गुरूचा हिशोब नाही, कारण म्हणताना जवळपास सगळीच अक्षरं ओढून दीर्घ करतात. तिथे ते शोभतं कारण चालच तशी सरळ आणि सैल असते. पण तुझ्या चालीत लांब-आखूड आधीच ठरलेलं आहे, ते मात्रावृत्तासारखं वागतं, म्हणून तिथे अक्षरं नाही, मात्रा मोजाव्या लागतात आणि त्या कुठे पडतात ते बघावं लागतं.

मोजायचं कसं, तर ऱ्हस्व म्हणजे लघु, एक मात्रा. दीर्घ म्हणजे गुरू, दोन मात्रा. अनुस्वार खणखणीत असेल तर गुरू. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर आघात बसला तर गुरू, म्हणजे "रस्ता" मधला र गुरू कारण आपण रस्-ता म्हणतो, पण "तुझ्या", "पुन्हा", "तुम्ही" यातला पहिला उकार लघुच राहतो कारण तिथे जोर बसत नाही. हे पाठ करायची गरज नाही, मोठ्याने म्हणून बघितलं की कळतं.

आणि आता जी गोष्ट शाळेत वृत्तं शिकवताना कुणी सांगितली नव्हती ती. पाय मोडलेलं अक्षर गाताना दोन प्रकारे वापरता येतं. एक तर त्याला हलका अ देऊन एका मात्रेवर नुसता स्पर्श करायचा, जसा तुझ्या ओळीत "वाट" चा ट आहे, वाऽट, तो कुणालाच खटकत नाही कारण तो आखूड आहे आणि ठोक्यावर नाही. किंवा मग ते आधीच्या अक्षराला चिकटवून दोघांचा मिळून एक गुरू करायचा. "बघत" म्हणजे ब आणि घत्, लघु आणि गुरू. घ चा स्वर दोन मात्रा धरायचा आणि त् ने शेवटी बंद करायचा. चालत नाही ते एकच, त्या गिळलेल्या अ ला लांब सूर देणं किंवा ठोक्यावर उभं करणं. गाण्यात शब्द परके वाटतात तेव्हा मी आधी हेच शोधतो, आणि बऱ्याचदा तिथेच सापडतं.

आता गंमत बघ. घत् हा एक गुरू धरला की पहिल्या आवर्तनात शेवटचा दोन मात्रांचा ला रिकामा उरतो. आणि तुझ्याकडे "मी" आहेच, चुकीच्या जागी बसलेला. तो उचलून तिथे आण:

वाऽ ट ब घत् मीऽ । राऽऽ हि लोऽऽऽ

"वाट बघत मी राहिलो". अक्षरं तीच ९, फक्त "मी" सरकला. पहिलं आवर्तन २+१+१+२+२, नीट. दुसऱ्यात अक्षरं तीनच उरली आणि सूर चार, तर "रा" ला पहिले दोन सूर देऊन टाक, तो तीन मात्रा चालेल, मग हि एक, मग लो चार मात्रा. दीर्घ स्वर दोन सुरांवर आरामात जातो, आपण बोलतानाही "राऽहिलो" असंच रेंगाळतो. सम आता "रा" वर, लांब सूर "लो" वर, म्हणजे थांबून राहणंच लांबतंय, आणि मी गुपचूप मागे गेला. लो मधला ओ धरायलाही सोपा आहे, मी मधल्या ई ला वरच्या सुरावर घसा आवळतो, तुझा शेवटचा सूर बराच वर आहे तेव्हा गायिकेला हा फरक लगेच जाणवेल.

एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगतो. "रा" खाली जे दोन सूर येतात ते वेगवेगळे असतील तर तिथे छोटीशी मींड होईल, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. मला ती छान वाटेल असं वाटतंय पण चालवाल्याला तिथे सुटे, टोचून येणारे ठोके हवे असतील तर तो नाही म्हणेल, आणि मग तुला खरंच चार अक्षरांचा, गुरू लघु लघु गुरू असा शब्द लागेल. "पाहतसे" मापात चपखल बसतो पण आज असं बोलतं कोण? बाकी गाणं बोलीभाषेत आणि मध्येच "पाहतसे" आलं की तिथे अत्तराचा वास येतो, माझं मत स्पष्ट आहे, मापासाठी जुनं रूप घ्यायचं नाही. त्यापेक्षा ओळ बदल.

दुसरी ओळ, "चंद्र ढगात हरवला". पुन्हा ५ आणि ४. पहिल्या चार अक्षरांना हात लावू नकोस, चं द्र ढ गा, २+१+१+२, सुरेख बसलंय. पण मग पुन्हा तोच त दोन मात्रांवर ओढला जातोय, आणि पुढे समेवर "ह" आलाय, लघु, ज्याला सक्तीने दोन मात्रा दिल्यात, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये ते "हाऽरवला" असं ऐकू येतं आणि क्षणभर मला वाटलं चंद्राने हार वगैरे घातलाय की काय. समेवर लांब सूर असेल तर तिथे गुरूनेच सुरू होणारा शब्द पाहिजे. मी बरेच शब्द फिरवून बघितले आणि मला हे सापडलं:

चंऽ द्र ढ गांऽ तच् । माऽ व ळ लाऽऽऽ

"चंद्र ढगांतच मावळला". "तच" चा एक गुरू, बघत मधल्या घत् सारखाच. "मावळला" २+१+१ आणि मग आ, जो हवा तेवढा धरता येतो. अर्थ थोडा हलतो, हरवण्याचं मावळणं झालं, पण तुला जे म्हणायचंय, दिसायच्या आतच गेला, ते माझ्या मते जास्त चांगलं येतं. नाही पटलं तर नको घेऊस, पण जो शब्द आणशील तो गुरू लघु लघु गुरू पाहिजे एवढं बघ.

अजून एक, दोन आवर्तनांच्या मध्ये गायिका श्वास घेते, तू ऐकलं असशील. तिथे शब्द संपायलाच हवा. "वाट तुझी पाहत होतो" सारखी ओळ बसवायला गेलास तर पहिलं आवर्तन "पा" वर संपतं आणि श्वासानंतर नुसतं "हत होतो" येतं. याला यतिभंग म्हणतात आणि तो कागदावर दिसतच नाही, गाताना मात्र सगळ्यांना कळतो.

अंतऱ्याच्या ओळी तू अजून लिहायच्यात ना, तर असं कर. शब्द बाजूला ठेव, चालवाल्याचं ला ला लाव आणि टाळी देत लांब-आखूड कागदावर मांड, सम आणि श्वास दोन्हीवर खूण कर. अंतऱ्याची चाल मुखड्यासारखी नसते, बहुतेक तिथे ओळ समेच्या आधी उचललेली असेल, मग तिथे पहिल्या आखूड सुरावर "तुझी", "पुन्हा", "कधी" असे लघुने सुरू होणारे शब्द फार छान जातात, कारण लघु समेच्या आधी पडतो आणि दीर्घ बरोबर समेवर येतो. मग तुझी ओळ गाऊ नकोस, कुणाशी बोलतोयस तशी तीनचारदा बोल आणि जीभ कुठे रेंगाळते, कुठे पळते ते बघ. दोन्ही जुळलं तरच गा. आणि ज्याने शब्द वाचलेले नाहीत अशा एकाला रेकॉर्डिंग ऐकवून काय ऐकू आलं ते लिहून घे, तू स्वतः ऐकून उपयोग नाही कारण तुला शब्द पाठ आहेत, तुला ते नेहमी बरोबरच ऐकू येणार.

मुखडा बदललास तर आधी गायिकेला फक्त ठेक्यावर बोलायला सांग, सूर न लावता, आणि ते रेकॉर्ड करून मला पाठव. "रा" वरच्या मींडेबद्दल चालवाला काय म्हणाला तेही कळव, तो नाही म्हणाला तर चार अक्षरांसाठी आपण दोघं मिळून डोकं लावू.

तुझा,
विनू