चिऊ, तुझा रिपोर्ट वाचला

चिऊ,

तू पाठवलेला अपघाताच्या रिपोर्टचा फोटो रात्री दोनदा मोठा करून वाचला. "रोलरमध्ये हात अडकला. मशीन चालू होतं. गार्ड होता. मशीन लगेच बंद केलं." चार वाक्यं आहेत आणि एकही खोटं नाही, पण वाचून तिथं नक्की काय झालं ते मला काही केल्या दिसेना. फोनवर तू दहा मिनिटं जे सांगितलंस, म्हणजे तो पोरगा रोलरवरचा ग्लू पुसत होता, चिंधी ओढली गेली, समोरचा ओरडला वगैरे, ते सगळं कागदावर यायला हवं होतं, आणि नेमकं तेच गायब आहे. म्हणून लिहितोय, रागावलो नाहीये.

आधी ते "चालू होतं" बघ. रोलरचं मशीन तीन तऱ्हांनी चालू असतं. एक म्हणजे माल घालून पूर्ण स्पीडला, दुसरं माल नसताना हळू, साफ करायला जॉगवर, म्हणजे बटण दाबलं तेवढाच वेळ फिरणारं, आणि तिसरं म्हणजे बटण बंद केलंय पण जड रोलर अजून आधीच्या वेगाने फिरतायत. तिसऱ्या प्रकारात एक जण शपथेवर सांगतो मशीन बंद होतं, दुसरा सांगतो चालू होतं, आणि दोघंही खरं बोलत असतात! तू म्हणालीस तो पुसत होता, म्हणजे जॉगवर असणार असं मला वाटतं, पण मला वाटून काय उपयोग, ते बटण कोणाच्या हातात होतं ते विचार. पुसणारा एक आणि बटण दाबणारा दुसरा असेल तर अर्धी गोष्ट तिथंच आहे. आणि पॅनेलवरचा सिलेक्टर कुठे होता ते कोणी बघितलं का, का नंतर कुणीतरी फिरवला?

तो कुठल्या बाजूला उभा होता हेही लिही. दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, तिथं एका बाजूने माल आत ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. बाहेरच्या बाजूने चिंधी लावली तर रोलर ती ढकलून देतात, आतल्या बाजूने लावली तर चिंधी आधी जाते आणि मागून हात, आणि हातात मोजा असेल तर बोट सोडवायला सेकंदही मिळत नाही. मोजा होता का, कापडी की रबरी, चिंधी बोटाला गुंडाळलेली होती का, असलं बारीकसारीक लिहायला लाजू नकोस. चिंधी अजून तिथंच पडली असेल तर उचलायच्या आधी फोटो काढ.

आता रोलरवरचा गार्ड. "गार्ड होता" हे वाक्य मी माझ्यापुरतं फार जवळून ओळखतो. लहानपणी तू विचारायचीस ना, बाबा तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं आखूड का, ती ज्या प्रेसमध्ये गेली त्याच्या रिपोर्टमध्ये पण हेच होतं, गार्ड बसवलेला होता. मी दवाखान्यातून परत यायच्या आत फोरमनने तो भिंतीला टेकवलेला गार्ड उचलून चार बोल्टवर बसवला होता, मग बघायला आलेल्या माणसाला बिचाऱ्याला काय दिसणार, गार्डच दिसला. त्याने दिसलं ते लिहिलं. म्हणून तू "होता" लिहू नकोस, अपघाताच्या क्षणी कुठे होता ते लिही: जागेवर बंद, जागेवर पण उघडा, की काढून बाजूला ठेवलेला. आणि "आत्ता बसवलेला आहे" हे वेगळ्या वाक्यात.

तुमचा तो बिजागरीचा गार्ड आहे म्हणालीस, म्हणजे त्याला स्विच असणार, गार्ड उघडला की मशीन थांबायला पाहिजे. मग गार्ड उघडा असेल तर रोलर फिरले कसे? एक तर साफसफाईसाठी जॉगला मुद्दाम सवलत दिलेली असते, तेही हळू आणि बटण सोडलं की थांबणार अशी, नाहीतर स्विचला कुणीतरी गप्प बसवलेलं असतं. त्या स्विचकडे टॉर्च मारून नीट बघ. जास्तीचं चुंबक टेपने चिकटवलेलं, वायरचा तुकडा जोडलेला, असलं काही असेल तर टेपची कड बघ, कड काळी पडून तिच्यावर धूळ बसली असेल तर तो उद्योग आजचा नाही. हात लावू नकोस, फक्त फोटो.

"लगेच बंद केलं" यात तर करताच नाही! कोणी केलं? तू म्हणालीस समोरचा ओरडला, ऑपरेटरने बटण दाबलं, नंतर इलेक्ट्रिशियन येऊन मेन पाडून गेला. म्हणजे तीन माणसं, आणि तिघांना वेगवेगळं बसवून विचार, एकत्र बसले की सगळ्यांना एकच आठवायला लागतं. बटण दाबणारा किती पावलं लांब होता, त्याने इमर्जन्सीचा लाल मश्रूम दाबला की साधा स्टॉप, अडकलेल्या पोराचा दुसरा हात कुठल्या बटणापर्यंत पोचत होता का. माझ्या वेळी ज्या हेल्परने धावत येऊन प्रेस बंद केला त्याला कुणी विचारलंच नाही, आणि बटण दाबल्यावरही चाक कसं फिरत राहिलं ते फक्त त्यालाच माहीत होतं.

तुझ्याकडे ते मोजता येईल. सगळे फोटो झाले, मशीन बघायची परवानगी मिळाली, की गार्ड बंद करून, जवळ कोणी नसताना, इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन रिकामं फिरव. फिरवायच्या आधी, मशीन पूर्ण बंद असतानाच रोलरच्या टोकाला खडूची रेघ मारून ठेव, मग स्टॉप दाबायला सांग आणि रेघ किती वेळा वर येते ते मोज. मग तेच लाल बटणाने. दोन फेरे आले तर दोन लिही, "लगेच" खोडून टाक.

आणि हात बाहेर कसा आला? रोलरचा दाब सोडून, मशीन उलटं फिरवून, की ओढून? उलटं फिरवलं असेल तर कुणाच्या सांगण्यावरून तेही. हे डॉक्टरलाही लागतं, आजच सांग, कारण रोलरच्या जखमेत वरून कातडी धड दिसते आणि आतलं सगळं चिरडलेलं असू शकतं, किंवा कातडी मोज्यासारखी सुटलेली असते. किती वेळ दबून राहिला, रोलर गरम होते का, ग्लू कुठला, एवढं तरी कळव त्यांना.

बोटांना नंबर देऊ नकोस, एक जण अंगठ्यापासून मोजतो, दुसरा तर्जनीपासून. नाव लिही, तळव्याकडून की वरून ते लिही. आणि हो, चारही वाक्यांत तू फक्त "हात" लिहिलंयस. उजवा की डावा?

बाबा