खड्डा, हेल्मेट आणि एकाच ‘बरोबर’ पर्यायाचा आग्रह

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी नागपुरात विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना अपकृत्यांचा कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या हानीची दिवाणी भरपाई मिळवून देणारा कायदा, शिकवतो. विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा घेणारा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. चार ओळींची घटना द्यायची आणि ‘प्रतिवादी जबाबदार आहे का?’ असे विचारायचे, हा प्रश्नप्रकार चांगला आहे. पण संमती, अंशदायी निष्काळजीपणा म्हणजे स्वतःच्या इजेला स्वतःच्या बेपर्वाईने लावलेला हातभार, आणि आवश्यकता हे तीन बचाव त्यात येतात, तेव्हा उत्तरतालिका अनेकदा घाई करते. अलीकडे विद्यार्थ्यांनी एका खासगी सराव प्रश्नसंचातला प्रश्न माझ्यासमोर ठेवला. नावगाव बदलून तो असा :

नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत जलवाहिनी फुटली. पाणी घरांत शिरू लागले, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी रात्रीच रस्ता खोदला आणि पाणी काढून देण्यासाठी शेजारच्या दुकानाच्या कुंपणभिंतीचा एक भाग पाडला. वाहिनी दुरुस्त झाली, पण पुढे दोन रात्री खड्डा तसाच राहिला. ना बॅरिकेड, ना दिवा. त्या गल्लीतून रोज जाणारा सुनील दुसऱ्या रात्री विनाहेल्मेट, मागे दोन मित्रांना बसवून, वेगात आला आणि खड्ड्यात पडून त्याचा घोटा मोडला. ठेकेदार म्हणतो : खड्डा सुनीलला माहीत होता, त्याने स्वतःच नियम मोडले, आणि खोदकाम आणीबाणीचे होते.

दिलेले ‘बरोबर’ उत्तर होते : सुनीलला काहीही मिळणार नाही, कारण त्याने जाणूनबुजून धोका पत्करला.

संमतीचा बचाव इथे टिकत नाही. धोका ठाऊक असणे वेगळे आणि त्या धोक्याचे कायदेशीर परिणाम स्वतःवर घेणे वेगळे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९१ मध्ये स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात हे कामगाराला माहीत होते, तरी तो काम करत राहिला, एवढ्यावरून त्याने इजेला संमती दिली असे न्यायालयाने मानले नाही. सुनीलला खड्डा माहीत होता, पण घरी जायला त्याला तोच रस्ता होता, आणि ठेकेदाराने खड्डा उघडा ठेवावा याला त्याने कधीच होकार दिलेला नव्हता. संमती सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो, आणि सुनीलला खड्डा माहीत होता एवढ्यावरच तो फिटत नाही.

पण तीच माहिती अंशदायी निष्काळजीपणाच्या मुद्द्यात परत येते, आणि इथेच विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात. खड्डा आहे हे माहीत असलेल्या माणसाने अंधारात वेग कमी करायला हवा होता. जी गोष्ट संमती ठरत नाही, ती स्वतःच्या सुरक्षिततेबद्दलची बेपर्वाई ठरू शकते. मात्र ‘त्याने नियम मोडला’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. मोडलेल्या नियमाचा अपघाताशी किंवा झालेल्या इजेशी कारणसंबंध दाखवावा लागतो. मोहम्मद सिद्दिक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. मृत तरुण आणखी दोघांसोबत मोटारसायकलवर होता, म्हणून भरपाई कापली गेली होती. तिघे बसणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ चा भंग असला, तरी त्यामुळे अपघात घडला किंवा आघात वाढला असे दिसत नसेल, तर केवळ तेवढ्याने अंशदायी निष्काळजीपणा ठरत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती कपात रद्द केली.

आता सुनीलचा घोटा पाहा. हेल्मेट घातले असते तरी घोटा मोडलाच असता, म्हणून हेल्मेट नसल्याबद्दल एक रुपयाही कापता येत नाही. हेल्मेटने वाचली असती अशी डोक्याची इजा झाली असती, तर चित्र बदलले असते. सीटबेल्टबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये फ्रूम विरुद्ध बुचर या खटल्यात असेच गणित घातले : बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात, कमी झाली असती तर १५ टक्के, आणि काहीच फरक पडला नसता तर कपात शून्य. ट्रिपल सीटचेही तसेच आहे. तिघांच्या वजनामुळे ब्रेक वेळेत लागला नाही हे ठेकेदाराने दाखवले, तरच ती बाब मोजायची. उरतो वेग, आणि तो मोजायलाच हवा. न्यायालयाने सुनीलचा वाटा २५ टक्के धरला आणि नुकसान ४ लाख रुपये ठरले, तर त्याला ३ लाख मिळतील. हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. खरा वाटा पुराव्यावर ठरतो.

‘काहीही मिळणार नाही’ हे उत्तर ज्या जुन्या नियमातून येते, म्हणजे दावा करणाऱ्याचा थोडाही दोष असला तर त्याचा पूर्ण दावा बुडतो, तो इंग्लंडने १९४५ च्या कायद्याने सोडला. आपल्याकडे यासाठी सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही, केरळचा स्वतःचा कायदा १९७६ चा आहे. पण आपली न्यायालये बराच काळ विभागणीचेच तत्त्व वापरत आली आहेत. म्हणूनच ‘होय किंवा नाही’ असे दोनच पर्याय देणारा प्रश्न चूक आहे. (मागे बसलेल्या मित्रांचे गणित आणखी वेगळे. त्यांचा स्वतःचा दोष नसेल, तर सुनील आणि ठेकेदार यांच्या संयुक्त निष्काळजीपणाबद्दल ते दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतात. पण प्रश्नसंचात त्यांचा पत्ताच नाही.)

आवश्यकतेचा बचाव मात्र खरोखर लागू पडतो, फक्त दुसऱ्या माणसाविरुद्ध. दुकानदाराने भिंत पाडल्याबद्दल दावा केला, तर ठेकेदार म्हणू शकेल की घरांत पाणी शिरत होते आणि त्या क्षणी वाजवी माणसाने हेच केले असते. कोप विरुद्ध शार्प या १९१२ च्या खटल्यात शिकारराखणदाराने आग पसरू नये म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवरचा झुडपांचा पट्टा जाळला. मूळ आग पुढे इतरांनीच विझवली, म्हणजे पट्टा जाळला नसता तरी चालले असते. तरी न्यायालयाने त्याला जबाबदार धरले नाही, कारण निकड त्या क्षणी खरी होती आणि उपाय वाजवी होता. पण वाहिनी दुरुस्त झाल्यावर ती निकड संपली. पुढच्या दोन रात्री खड्डा उघडा ठेवण्याची गरज कोणालाच नव्हती. हा बचाव जाणूनबुजून केलेल्या कृतीचे समर्थन करतो, हलगर्जीपणाचे नाही. भिंतीसाठी चालणारा युक्तिवाद सुनीलसमोर चालत नाही, हे ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळायला हवेत. आज तो ‘चुकीच्या’ पर्यायावर खूण करतो.

माझी विनंती मर्यादित आहे. प्रश्नकर्त्यांना आपल्या खात्याने सूचना द्यावी, की अशा प्रश्नात कोणाचा दावा, कोणत्या कृतीबद्दल आणि कोणत्या इजेबद्दल, हे स्पष्ट लिहावे. अंशदायी निष्काळजीपणा असेल तिथे ‘भरपाई मिळेल, पण कमी’ हा पर्याय ठेवावा. आणि प्रश्नासोबत तत्त्व छापत असाल, तर १९४५ पूर्वीचे तत्त्व आजचा कायदा म्हणून छापू नये. उत्तरतालिकेवर आक्षेप येतील तेव्हा ते अपकृत्यांचा कायदा प्रत्यक्ष शिकवणाऱ्या दोन अध्यापकांकडे पाठवावेत. वर दिलेल्या घटनेवर आधारलेला दुरुस्त प्रश्न आणि त्याचे पर्याय मी कक्षाकडे लेखी देण्यास तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
अपकृत्य कायद्याचा एक अध्यापक
नागपूर