तुझ्या शायांच्या नावांबद्दल

परभणी,
२८ जून

प्रिय सुहास,

तुझ्या शाया पोचल्या आणि नावांची यादीही वाचली. बाटलीतला रंग बघून नाव ठेवू नकोस, एवढं आधी सांगतो. बाटलीत सगळ्याच काळ्याभोर दिसतात. मी प्रत्येक शाई बारीक आणि रुंद अशा दोन्ही निबांनी लिहिली, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी दारातल्या उजेडात पाहिली. नाव दोन्ही निबांना लागू पडायला हवं.

निळसर करड्या शाईला तू ‘मळभ’ म्हटलंयस. बारीक निबेनं ती तशीच उमटते, फिकी आणि एकसारखी. पण रुंद निबेनं लिहिलं की रेघ संपते तिथं शाई साचते आणि गडद निळा उठून दिसतो. मळभ असं कधी दाटत नाही रे, दिवसभर सपाट पसरून राहतं. हिला ‘भरलं आभाळ’ म्हण. कुठं विरळ, कुठं दाट, मृगातलं आभाळ असंच असतं.

‘मृद्गंध’ तर काढूनच टाक. ते नाव कुठल्याही तपकिरी शाईला चालेल, आणि आपल्याकडं तसं कुणी बोलत नाही. ‘लाल माती’ वाचली की माणूस कोकणात जातो. तो तांबूस तपकिरी रंग आपल्या माळावरच्या भिजलेल्या मुरमाचा आहे, म्हणून ‘मुरूम’.

मन गुंतलं ते लोहक्षार आणि टॅनिनच्या शाईत. लिहिताना ती फिकी करडी असते, उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या रानासारखी. मग हवेनं त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि अक्षर काळं पडत जातं. माझं दुसऱ्या दिवशी पुरतं काळं झालं होतं. तू तिला ‘वाफसा’ ठेवलंयस, ते मला पटत नाही. वाफसा येतो तो पाऊस उघडल्यावर, रान जरा सुकून पाभर चालण्याजोगं झालं की. म्हणजे रंग उतरणीला लागलेला असतो आणि ही शाई तर चढत जाते. हिचं नाव फक्त ‘काळी’ ठेव. आपल्या गावात ‘काळीत काय पेरलं?’ एवढं विचारलं की पुरतं. ‘वाफसा’ त्या करड्या तपकिरीला दे, ती वाळून उतरते.

‘काळी’च्या खोक्यात एक चिठ्ठी मात्र टाक. ही शाई आम्लधर्मी असते. पेनात वाळू दिली तर आत साका धरतो आणि पोलादी निब हळूहळू खाल्ली जाते. भरलेलं पेन पडून ठेवू नये आणि अधूनमधून साध्या पाण्यानं धुवावं, हे गिऱ्हाइकाला आधीच कळू दे.

लेबलावर ‘काळी’च्या दोन रेघा छाप, एक ताजी आणि एक दुसऱ्या दिवशीची. नाहीतर पहिलंच अक्षर फिकं उमटलेलं बघून लोक बाटली परत करतील. हिरवट शाईचं नाव अजून सुचलं नाही. मुगाला पानं फुटली की रानात नेऊन बघतो आणि कळवतो.

तुझा,
विलास