दोन पत्रिका, एक लग्न

मनू,

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला "हो गं आई, चालेल, बघते मी" म्हणून विषय गुंडाळतेस, म्हणून टाइप करतेय. लांबलं तर लांबलं, ऑफिसमधून घरी गेल्यावर चहा घेऊन निवांत वाच.

तुझ्या लग्नाच्या पत्रिकेच्या दोन पीडीएफ आहेत हे मला कळलंय. मला आलेल्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव आहे आणि बाबांचं खाली आप्तेष्टांत, आणि ठाण्याला गेलेलीत "सौ. व श्री." म्हणून बाबा आणि स्मिताकाकू आहेत आणि मी आजोळच्या ओळीत मामाच्या शेजारी. ती ठाण्याची पत्रिका कुणीतरी मामाला फॉरवर्ड केली, मामाने मला, आणि वर विचारलं की तारीख तीच आहे ना गं, लग्न दोन नाहीयेत ना. मी हसले आधी. मग वाटलं की ही पोरगी दोन पत्रिका करून दोन्हीकडची माणसं एकाच हॉलमध्ये बोलावतेय, तिथे दोन्ही पत्रिका कुणाच्या तरी पर्समधून टेबलावर येणारच, आणि हे तुझ्यासारख्या हुशार मुलीला माहीत नसेल असं नाही. माहीत होतं, तरी केलंस, कारण दोघांपैकी एकाला "नाही" म्हणण्यापेक्षा डिझाइनवाल्याला डबल पैसे देणं तुला सोपं वाटलं.

आणि हे फक्त पत्रिकेचं नाहीये. दिवाळीला लक्ष्मीपूजन माझ्याकडे नाशिकला आणि पाडव्याला पहाटेची गाडी पकडून ठाणे, गणपतीत दीड दिवस इकडे नि गौरी तिकडे, तुझ्या वाढदिवसाला दोन केक. ठाण्याचे फोटो स्टेटसला टाकताना तू मला हाइड करतेस ते मला माहितीये, मावशीला हाइड करायचं तुझ्या लक्षात राहत नाही. तिकडे जाऊन मजा आली का विचारलं की तू म्हणतेस "ठीक होतं", आणि मला खात्री आहे की तिकडे गेल्यावर माझ्याबद्दलही तू "ठीक आहे" एवढंच सांगत असणार. जिथे असशील तिथे थोडं कमी खूश दिसायची सवयच लागलीये तुला.

मी परवा कपाट आवरताना आमच्या घटस्फोटाचे कागद काढले. परस्पर संमतीचा अर्ज, त्यात सहा महिने थांबायचं, मग परत कोर्टात जाऊन दोघांनी सांगायचं की हो अजून तेच म्हणणं आहे. त्यासोबत कन्सेंट टर्म्स असतात, त्यात तुझं सगळं लिहिलंय, कस्टडी आईकडे, एकाआड एक शनिवार रविवार वडिलांकडे, दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी, मे महिना अर्धा अर्धा. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की हे टाइमटेबल तू अठरा वर्षांची झालीस त्या दिवशी संपलं. कायद्याने मूल सज्ञान झालं की ताबा आणि भेटीच्या अटी उरतच नाहीत, तुला कुठे राहायचं आणि कुणाकडे जायचं ते तुझं तू ठरवायचं. पण हे तुला कुणी बसून सांगितलं नाही, त्यामुळे तू अजून ते टर्म्स पाळतेयस, आणि आधी निदान ते पाळायला आम्ही दोघं होतो, आता एकटी तूच वकील, तूच कोर्ट आणि तूच ने-आण करणारी रिक्षा.

तर या लग्नापासून ते बंद. बाबांना काय विचारायचंय ते मी बाबांना विचारणार, आणि तसं मी सुरूही केलंय. परवा त्यांना फोन केला. बऱ्याच वर्षांनी सरळ फोन, ते आधी घाबरले, म्हणाले मनू बरी आहे ना. पत्रिकेचं पाच मिनिटांत ठरलं. एकच पत्रिका, दोन स्वतंत्र ओळी, वरच्या ओळीत माझं नाव माहेरच्या आडनावासकट, खालच्या ओळीत त्यांचं. सौ., श्री., श्रीमती काहीच नको. श्रीमती मला नकोच होतं, आपल्याकडे ते वाचून लोक दुसरंच समजतात आणि बाबा तर समोर उभे असणार. स्मिताकाकूंचं नाव बाकीच्या सगळ्या काकूंसोबत. त्यांना ते आवडलं नाही असं बाबा म्हणाले, मी म्हटलं ते तुम्ही बघा. हे वाक्य मनू तूही पाठ कर, तुला फार उपयोगाला येईल.

कन्यादानाचं मात्र पाच मिनिटांत झालं नाही. गुरुजी म्हणतात जोडपं बसायला हवं, शेजारी पत्नी हवी, पत्नी नसेल तर पुरुष कमरेला सुपारी लावून बसतो. बाबांना पत्नी आहे त्यामुळे सुपारीचा प्रश्न नाही, आणि त्यांच्या मनात स्मिताकाकूंना घेऊन बसायचं होतं. तू मला म्हणाली होतीस "तू एकटीच बस आई" आणि त्यांना म्हणाली होतीस "बघू बाबा, गुरुजी सांगतील तसं", म्हणजे दोघंही आपापल्या घरी आपणच बसणार असं धरून बसलेलो. मी गुरुजींना विचारलं की आई एकटी बसली तर शास्त्रात काय अडतं, त्यांनी प्रामाणिकपणे याज्ञवल्क्य स्मृतीतला श्लोकच म्हणून दाखवला, कन्यादान कुणी करावं त्याचा क्रम, पिता, पितामह, भाऊ, मग कुळातले लोक आणि मग आई. यादीत शेवटी का होईना आई आहे, आणि जोडप्याची अट त्या श्लोकात नाही, ती रीत आहे. पण पुढच्याला सोडून मागच्याला बसवायचं तर पुढचा नसावा लागतो, आणि तुझे बाबा चांगले धडधाकट आहेत (देव त्यांना तसंच ठेवो, फक्त माझ्यापासून लांब).

मी बाबांना सांगितलं की स्मिताकाकू माझ्या मुलीचं कन्यादान करणार नाहीत, हे माझं म्हणणं आहे, मनूचं नाही, तिला यात ओढायचं नाही. ते चिडले, फोन ठेवला, दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला की दादा-वहिनींना बसवूया. म्हणजे तुझे मोठे काका-काकू. मला ते पटलं, तू लहानपणी अर्ध्या सुट्ट्या त्यांच्याच अंगणात काढल्यास. मुळात तुला कन्यादान नकोच असेल, म्हणजे मुलगी दान बिन काही नाही असं असेल, तर तेही सांग, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने विधी करून देणारे पुरोहित आहेत, बायकाही आहेत, त्यांना आधी भेटून आपल्या घरची परिस्थिती सांगता येते. फक्त ते आम्हा दोघांना एकदम सांग, तिघांच्या ग्रुपवर. ग्रुप मी काल बनवलाय, तू अजून त्यात "ओके" सुद्धा टाकलेलं नाहीस.

आता घाणा भरण्याचं. तू मला अकराला यायला सांगितलंस. मामीला दहाची वेळ सांगितलीयेस. मला कळलं का ते. दोन मुसळं आंब्याच्या पानांनी बांधायची, उखळात हळकुंडं, आणि पाच सवाष्णींनी हात लावायचा, आणि तिथे ठाण्याच्या बायका असणार, त्यातली कुणीतरी माझ्याकडे बघून हळूच दुसऱ्या बाईला पुढे बोलावणार, आणि ते मला दिसू नये म्हणून तू मला तासभर उशिरा बोलावतेयस. हे असं झालंय, तुझ्या चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला ओटी भरताना झालं होतं, आणि तू कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होतीस हे मीही बघत होते. पण माझं ऐक, लपवून ठेवलं की त्यांची रीत खरी ठरते. मी दहाला येणार, मुसळाला पहिला हात मी लावणार, कारण मुलीची आई मी आहे. आणि कुणी काही बोललं तर उत्तर मी देईन, तू मेंदी सांभाळ. मोठ्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या माझ्या शेजारीच उभी राहा.

आत्याबाईंनी तर यावर कमालच केली. त्यांचं म्हणणं, नाहीतरी मुलीच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिने तुळशीला पाणी घालत बसायचं, म्हणजे स्टेजवर कोण उभं राहणार हा प्रश्नच मिटला. अशी रीत आहे काही घरांत, खोटं नाही. पण हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे तुळस नाही, तेव्हा मी समोरच उभी राहून अक्षता टाकणारे. आणि तसंही आजोळची माणसं लग्नात लांब नसतातच, पिवळी अष्टपुत्री मामाची, तुला मांडवात आणणार मामा, अंतरपाटाच्या वेळी तुझ्या मागे उभा मामा. तू उगाच हिशोब करतेयस की माझी बाजू कमी पडेल.

फोटोंचं मी फोटोग्राफरशी बोललेय. लाजाहोम, सप्तपदी झाली की लगेच, पंगतीच्या आधी, कारण जेवण सुरू झालं की माणसं हाताला लागत नाहीत. आधी तू आणि मी, मग तुम्ही दोघं नि ठाणेकर सगळे, आणि मग एक फोटो, मधे तू, एका बाजूला मी आणि एका बाजूला बाबा. तुला तो हवाय हे तू कधी बोलली नाहीस पण तुझ्या फोनमध्ये आपल्या तिघांचा तो समुद्रावरचा जुना फोटो कापलेला नाहीये हे मी बघितलंय. एकच, आणि पटकन. त्यात मी हसेन. नंतर बाबांशी गप्पा मारत उभी राहणार नाही, स्मिताकाकूंना हळदीकुंकू लावेन, या-बसा म्हणेन, त्यापलीकडे माझ्याकडून होणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नकोस. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर तीन साक्षीदार लागतात, त्यात मी नि बाबा आणि तिसरे तुझे सासरे, तेही ठरलंय. तिथे कुणी कुणाच्या शेजारी बसायचं नसतं, नुसती सही.

दिवाळसणाचं आत्तापासून डोक्यात घेऊ नकोस, पण तू घेतलं असणारच. जावयाला पहिल्या दिवाळीला बोलवायचं ते दोन्ही माहेरं बोलावणार. तू कुठे जायचं ते तुम्ही दोघं ठरवा, एका ठिकाणी जा, किंवा कुठेच न जाता पुण्यात फराळ करा. माझ्याकडे आला नाहीत तर मला वाईट वाटेल, ते मी लपवणार नाही, दोन दिवस फोनवर जरा फुगून बोलेन, त्याला घाबरून पाडव्याची पहाटेची गाडी बुक करू नकोस. माझं फुगणं मी निस्तरेन. बाबांचं ते निस्तरतील.

रुखवताचं काय करायचं ते कळव. कडबोळी आणि चिरोटे मी करते, अनारसे आजीच्याने आता होणार नाहीत, ते विकत आणू, कुणाला सांगायचं नाही. आणि ग्रुपवर ओके टाक.

आई